तहसीलदारांना अर्ज: तक्रार नको, काम व्हायला हवं

प्रश्न: वडील वारले, वारस नोंदीचा अर्ज तलाठी कार्यालयात देऊन चार महिने झाले. सातबाऱ्यावर अजून आमची नावं नाहीत. तहसीलदारांकडे जायचंय, पण भाऊसाहेबांशी वाकडं घ्यायचं नाही. अर्ज कसा लिहू? (जळगाव जिल्हा)

आधी नोंद नेमकी कुठे अडली आहे ते बघा. भाऊसाहेबांकडे फेरफार क्रमांक मागा. क्रमांकच पडला नसेल, तर काम त्यांच्या पातळीवर आहे. क्रमांक पडला, नोटिसा बजावल्या आणि हरकतीचे 15 दिवस विनाहरकत संपले, तर नोंद प्रमाणित करणं मंडळ अधिकाऱ्यांच्या हातात असतं. तिथे तलाठ्यांवर ठपका ठेवलात तर भलत्याच माणसाला दुखवाल. आपल्या खान्देशात आणखी एक गोष्ट हमखास होते: एखादी बहीण सुरतला असते, तिला नोटीस पोचलेलीच नसते आणि नोंद तशीच पडून राहते. तसं असेल तर तिचा आताचा पत्ता लेखी द्या.

आता अर्ज. सगळा फरक विषयाच्या ओळीत पडतो. ‘तलाठ्यांविरुद्ध तक्रार’ लिहिलंत की अर्ज चौकशीच्या वाटेला लागतो: तलाठ्यांकडून खुलासा मागवतात, खुलासा येतो आणि नोंद जागेवरच राहते. म्हणून लिहा, ‘विषय: मौजे अमुक, गट क्र. अमुक, वारस फेरफार क्र. अमुक प्रमाणित होणेबाबत विनंती.’ खाली ‘संदर्भ’ म्हणून पहिल्या अर्जाची तारीख आणि पोच क्रमांक.

मजकूर सहा-सात ओळींपेक्षा मोठा नको. वडिलांच्या मृत्यूची तारीख, अर्जाची तारीख, सोबत दिलेली कागदपत्रं, नोटिशीची मुदत संपल्याची तारीख, बस. ‘वारंवार चकरा मारल्या’, ‘टाळाटाळ केली’ ही वाक्यं गाळा. चार महिने गेलेत हे तारखाच सांगतात. शेवटी एकच मागणी असू द्या:

‘सदर नोंद आजअखेर प्रलंबित दिसते. आमच्याकडून काही कागद अथवा पूर्तता बाकी असल्यास कळवावे, नसल्यास नोंद प्रमाणित होण्यास संबंधितांना सूचना व्हावी, ही विनंती.’

पूर्ततेचा हा उल्लेख मुद्दाम करा. त्यामुळे खालच्या माणसाला स्वतःची बाजू सावरत बसावं लागत नाही. कागद खरंच कमी असेल तर तो सांगायला वाट मिळते. मृत्यू दाखल्यावर ‘रामदास’ आणि सातबाऱ्यावर ‘रामा’ असली तफावत अशा वेळीच बाहेर येते.

खाली ‘प्रत माहितीस्तव: मंडळ अधिकारी, तलाठी’ लिहा आणि अर्ज देण्याआधी भाऊसाहेबांना तोंडी सांगा, ‘भाऊसाहेब, वरून सूचना आली तर तुमचंही काम सोपं होईल, म्हणून साहेबांना विनंती अर्ज देतोय.’ त्यांना हे वरून पहिल्यांदा कळलं तर अर्ज कितीही गोड असला तरी चुगली वाटते. जिल्हाधिकाऱ्यांना किंवा पेपरवाल्यांना प्रत आत्ताच पाठवू नका.

अर्ज दोन प्रतींत न्या, आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. पंधरा दिवसांनी तोच क्रमांक सांगून अर्ज कोणत्या टेबलावर आहे ते विचारा. तरीही हालचाल नसेल तर तहसीलदारांनाच दुसरा, स्मरणपत्राचा अर्ज द्या, संदर्भात हा आवक क्रमांक टाका. प्रांतांकडे त्यानंतर जा.