आईच्या फोटोचं मासिकासारखं मुखपृष्ठ: मथळा चेहऱ्यावर येऊ नये म्हणून

प्रश्न: आईच्या साठीला तिच्या फोटोचं मासिकासारखं मुखपृष्ठ करून फ्रेम द्यायचीय. मासिकाचं नाव ‘माई’. पण नाव मोठं केलं की कपाळावर येतं. इंग्रजी मासिकांसारखं डोक्यामागे ढकललं तर वाचता येत नाही. काय करू?

उत्तर:

डोक्यामागे नाव सरकवायची युक्ती इंग्रजीत चालते, कारण त्या अक्षरांची ओळख बरीचशी वरच्या अर्ध्या भागात असते. आपल्याकडे उलटं आहे. वर सगळ्यांना सारखीच शिरोरेघ, फरक तिच्याखाली. ‘म’ची खालची गाठ डोक्याआड गेली की उरतात दोन उभ्या रेघा, आणि त्या ‘ग’लाही असतात. म्हणजे ‘माई’ची ‘गाई’ होते, आणि साठीच्या भेटीवर ते बरं दिसणार नाही.

म्हणून अक्षराच्या उंचीचा आठवा हिस्सा झाकला जाईल, इतकंच डोकं वर येऊ द्या. शिवाय डोक्याचा माथा ‘मा’च्या कान्याखाली आणा. काना नुसती रेघ आहे, तिचं टोक झाकलं तरी काही बिघडत नाही. नाव रुंद दिसावं म्हणून अक्षरांमधलं अंतर मात्र वाढवू नका, शिरोरेघ तुटते.

आता मापं. ए४ म्हणजे २१० × २९७ मिमी. कापायला चारही बाजूंनी ३ मिमी जादा धरा. फोटो व्हॉट्सॲपवर साध्या फोटोसारखा न मागवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा, नाहीतर पिक्सेल कमी होऊन येतात. समजा फोटो ३०२४ × ४०३२ पिक्सेलचा आहे. उंची पूर्ण ठेवून बाजू थोड्या कापल्या की १ मिमीला साधारण १३ पिक्सेल मिळतात, छपाईला ते पुरेसे आहेत.

खरी अडचण वेगळीच असते. फोनवर काढलेल्या फोटोत डोक्यावर जागाच नसते. माथा वरून ५०० पिक्सेलवर असेल तर कागदावर तो ३८ मिमीवर येतो. नावाची अक्षरं ४० मिमी उंच आणि शिरोरेघ वरून २२ मिमीवर धरली (‘ई’च्या डोक्यावरच्या खुणेला जागा लागते), तर अक्षरं ६२ मिमीवर संपतात. म्हणजे माथा ५७ मिमीवर हवा. फोटो १९ मिमी खाली सरकवा. वरची मोकळी पट्टी मागची भिंत ताणून भरा. भिंत साधी असेल तर कळतही नाही. मागे खिडकी, कॅलेंडर असं काही असेल तर ताणल्यावर वेडंवाकडं दिसतं, मग पार्श्वभूमी काढून एकरंगी करणंच बरं.

थर असे लावा: सर्वांत खाली फोटो, त्यावर नाव, त्यावर त्याच फोटोची पार्श्वभूमी काढलेली प्रत, अगदी त्याच जागी. कॅनव्हात पार्श्वभूमी काढायची सोय पैसे भरून मिळते. फिकट भिंतीसमोरचा फोटो असेल तर केसांभोवती पांढरट कड राहते. गडद नावावर ती लगेच दिसते, फिकट पिवळ्या किंवा मोतिया नावावर जवळपास लपते. पांढरे केस असतील तर कापताना ते बरेचदा उडतात. त्या वेळी हा थरांचा खेळ सोडा आणि नाव माथ्याच्या वर ५ मिमी मोकळं सोडून ठेवा.

बाकीच्या मथळ्यांसाठी आधी चेहऱ्याभोवती एक चौकोन आखा: माथ्यापासून हनुवटीपर्यंत, कानापासून कानापर्यंत, शिवाय प्रत्येक बाजूला १० मिमी जादा. त्यात नावाखेरीज एकही अक्षर नको. आई ज्या बाजूला बघतेय त्या बाजूला जागा जास्त ठेवा आणि लहान मथळे तिथेच एकाखाली एक लावा. मोठा मथळा छातीच्या खाली, पदरावर. गळ्यावर कधीच नाही, मान कापल्यासारखी दिसते.

पदरावर जरीचं काम असेल तर अक्षरं हरवतात. त्याला अक्षरांभोवती बॉर्डर देणं हा उपाय नव्हे, ‘क्ष’, ‘श’च्या आतल्या पोकळ्या भरून जातात. खालच्या तिसऱ्या हिस्स्यावर खालून वर विरत जाणारी काळी छटा द्या आणि पांढरी अक्षरं वापरा. ‘मुक्ता’ किंवा ‘बालू’ हे फुकट फॉन्ट जाड वजनात छान उठतात. दोन ओळींमध्ये अंतर १.४ ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो.

फ्रेमची कड प्रत्येक बाजूने ५-६ मिमी खाते, तेव्हा अक्षरं कडेपासून निदान १२ मिमी आत. दुकानात फाइल पीडीएफ करूनच द्या. मूळ फाइल उघडली आणि त्यांच्याकडे फॉन्ट नसला की वेलांट्या-उकार इकडचे तिकडे जातात. आणि फ्रेमचा कागद छापण्याआधी साध्या कागदावर एक काळी-पांढरी प्रत काढून भिंतीला लावा, चार पावलं मागे जाऊन ‘माई’च वाचलं जातंय ना ते पाहा.