१६ गेज म्हणजे नक्की किती मिमी?

ड्रॉइंगवर नुसतं ‘१६ गेज’ लिहिलंय. फ्लॅट पॅटर्न काढायला जाडी किती मिमी धरू? प्रत्येक तक्त्यात आकडा वेगळा दिसतोय.

आधी धातू विचारून घ्या, कारण ते तक्ते वेगवेगळ्या धातूंचे आहेत. अमेरिकी पद्धतीत १६ गेजचा साधा पोलादी पत्रा १.५१९ मिमी, जस्ती १.६१३, स्टेनलेस १.५८८ आणि ॲल्युमिनियम १.२९० मिमी असतो. ब्रिटिश एसडब्ल्यूजी तक्त्यात १६ म्हणजे १.६२६ मिमी. पोलादाचा गेज मुळात वजनावर बेतलेला आहे (१६ ला दर चौरस फुटाला २.५ पौंड), ॲल्युमिनियमचा मात्र थेट जाडीवर. जस्ती पत्र्याच्या आकड्यात जस्ताचा थरही धरलेला असतो. म्हणून एका तक्त्याला ठरावीक गुणक लावून दुसरा काढता येत नाही.

तक्ता चुकला तर किती फरक पडतो? एक चॅनल घ्या: बाहेरून ४० × १०० × ४०, दोन बेंड ९० अंशांचे, आतली त्रिज्या १.५ मिमी, के-फॅक्टर ०.४२. r म्हणजे आतली त्रिज्या, t जाडी, K के-फॅक्टर आणि BA बेंडमध्ये जाणारी पत्र्याची लांबी धरली, तर प्रत्येक बेंडची वजावट (BD) अशी निघते:

```
BA = 1.5708 × (r + K × t)
BD = 2 × (r + t) − BA
```

साध्या पोलादाला t = 1.519 टाकलं की BD २.६८ येते, म्हणजे सपाट लांबी १८० − ५.३६ = १७४.६४ मिमी. चुकून ॲल्युमिनियमचा १.२९० टाकला तर BD २.३७ आणि लांबी १७५.२५. पत्रा ०.६१ मिमी जास्त कापला गेला. बॅकगेज कडेपासून लावून दोन्ही पाय बरोबर ४० चे वाकवलेत, तर ही सगळी वाढ मधल्या १०० वर येते आणि नेमक्या मापाचं झाकण बसत नाही. पाय बरोबर आणि मधला भाग मोठा दिसला, तर त्रिज्येवर संशय घेण्याआधी जाडी तपासा.

मापं आतून दिलेली असतील तर चूक उलटी पडते: पातळ जाडी धरल्यावर पत्रा कमी कापला जातो. त्यामुळे ‘थोडं जास्तच धरू’ हा उपाय चालत नाही.

तक्त्यातला आकडा ही नाममात्र जाडी. रोलिंग मिलमधून येणारा पत्रा टॉलरन्सच्या मर्यादेत कमी-जास्त असतोच. कापण्याआधी प्लास्टिक फिल्म सोलून, कडेची बर टाळून, थोडं आत मायक्रोमीटरने तीन-चार जागी मोजा आणि तीच सरासरी सूत्रात घाला. १.५१९ ऐवजी १.५ धरलं तर दर बेंडला सुमारे ०.०२५ मिमीचा फरक. दोन बेंडच्या चॅनलला तो खपून जातो, पण एकाच पट्टीवर आठ बेंड असतील तर ०.२ मिमी साचतो. मोजलेली जाडी १.३ च्या आसपास आली तर हातातला पत्रा १६ गेजचा पोलादी नाहीच, १८ गेजचा जस्ती असण्याची शक्यता जास्त (त्याचा आकडा १.३११).