भाच्याच्या पेपरातली चूक भाषांतरात जशीच्या तशी कशी न्यावी

प्रश्न: माझ्या भाच्याने विज्ञानाचं उत्तर मराठीत, हाताने लिहिलं आहे. त्याच्या नव्या शाळेतल्या बाईंना मराठी येत नाही, म्हणून मला ते इंग्रजीत करून द्यायचं आहे. त्याच्या चुका न सुधारता बाईंना दिसतील असं कसं करू?

उत्तर: पेपरावरून थेट इंग्रजीत उतरवू नका. आधी मराठीतच ओळीला ओळ जुळवून नक्कल करा आणि ओळींना क्रमांक द्या. खोडलेला शब्द खोडलेलाच ठेवा, वर काकपद देऊन घुसडलेला शब्द तसा घुसडलेला दाखवा. अक्षर लागत नसेल तर चौकटी कंसात 'वाचता येत नाही' लिहा. दोन वाचनं शक्य असतील तर दोन्ही लिहा. या नक्कलेत तुमचं स्वतःचं काहीही नको. मुलांच्या चुका सगळ्यात जास्त गळतात त्या इथेच, कारण आपण अक्षरं न वाचता अर्थ वाचत जातो आणि 'हे म्हणायचं असणार' ते आपोआप लिहून बसतो.

पुढचं एका नमुन्यावरून सांगते. दहावीच्या गुरुत्वाकर्षणाच्या धड्यावर प्रश्न आहे असं समजू: पृथ्वीवर एका वस्तूचं वस्तुमान ६० किलोग्रॅम आहे, तर चंद्रावर तिचं वस्तुमान आणि वजन किती? कारण लिहा. बरोबर उत्तर असं की वस्तुमान ६० किलोग्रॅमच राहतं. पृथ्वीवरचं वजन ६० × ९.८ म्हणजे ५८८ न्यूटन आणि चंद्रावर त्याच्या साधारण एक षष्ठांश, ९८ न्यूटन. मुलाने लिहिलं आहे:

"पृथ्वीवर वस्तूमान ६० किलो. चंद्रावर [खोडलेलं: वजन] वस्तूमान ६ पट कमी होतं मनून १० किलो. तिथं हवा नाही त्यामुळं कमी होतं. वजन = १० × ९.८ = ९८"

शेवटचा आकडा बरोबर आलाय, पण वाट चुकलेली आहे. आधी सहाने भागून मग ९.८ ने गुणलं काय किंवा उलट केलं काय, ९८ च येणार. भाषांतर करणाऱ्याने सवयीने पुढे 'न्यूटन' जोडलं आणि दुसऱ्या वाक्यात 'मास'च्या जागी 'वेट' लिहिलं, की बाईंच्या हातात जवळजवळ पूर्ण गुणांचं उत्तर पडतं. खरं तर मुलाला वस्तुमान जागेप्रमाणे बदलतं असं वाटतं आहे आणि हवेचा गुरुत्वाकर्षणाशी संबंध आहे असंही वाटतं आहे. हवा नाही म्हणून चंद्रावर ओढ कमी, हा समज पुष्कळ मुलांचा असतो आणि बाईंना नेमका तोच दिसायला हवा.

खोडलेला 'वजन' हा शब्द तर या उत्तरातला सगळ्यात मोलाचा. 'वजन ६ पट कमी होतं' हे बरोबर होतं. मुलगा बरोबर शब्दावर होता आणि तिथून हलला. बाईंना शिकवायला कुठून सुरुवात करायची ते या एका खोडाखोडीवरून कळतं. म्हणून इंग्रजीतही 'वेट' लिहून त्यावर रेघ मारा आणि पुढे 'मास' लिहा.

आता सगळ्याच चुका सारख्या वागवायच्या नाहीत. 'वस्तूमान'मधला दीर्घ ऊकार इंग्रजीत दाखवायला तुम्ही 'मास'चं स्पेलिंग मुद्दाम बिघडवलंत, तर ती चूक मुलाची नाही, तुम्ही रचलेली झाली. बाईंना उगाच वाटेल की मुलाला इंग्रजी येत नाही. शुद्धलेखनाबद्दल शेवटी एक ओळ टाका: 'मूळ लेखनात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका आहेत, अर्थावर परिणाम नाही.' 'मनून', 'तिथं', 'त्यामुळं' ही बोलीतली रूपं, त्यांना चूक म्हणूच नका, साध्या इंग्रजीत आणा. '६ पट कमी' आणि 'किलो' हेही आपलं रोजचं बोलणं आहे. 'सिक्स टाइम्स लेस' असंच ठेवा, 'वन सिक्स्थ' करून वाक्य नीटनेटकं करू नका.

मुलाने शास्त्रीय शब्दाऐवजी घरचा शब्द वापरला असेल तर तो घरचाच राहू द्या. 'पृथ्वीची ओढ' लिहिलं असेल तर 'पुल' म्हणा, 'ग्रॅव्हिटेशनल फोर्स' नाही, कारण तो शब्द मुलाला आठवला की नाही हेही बाईंना पाहायचं असतं. उलट मुलाने पुस्तकातला शब्द वापरला असेल तर पुस्तकातलाच इंग्रजी शब्द द्या. त्यासाठी बालभारतीचं दहावीचं 'विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग १' मराठी आणि इंग्रजी माध्यमाचं शेजारी शेजारी उघडा. धडे तेच आहेत, शब्दाला शब्द सापडतो. मात्र ही जुळणी संज्ञांपुरतीच ठेवा. त्या प्रश्नाचं छापील उत्तर भाषांतर संपेपर्यंत वाचू नका, नाहीतर हात नकळत तिकडे वळतो.

सगळ्यात अवघड वाक्य तिसरं आहे: 'तिथं हवा नाही त्यामुळं कमी होतं.' काय कमी होतं? मराठीत कर्ता गाळला तरी चालतं. वजन, वस्तुमान, गुरुत्वाकर्षण तिन्ही नपुंसकलिंगी, म्हणून 'होतं'वरूनही काही कळत नाही. इंग्रजीत कर्ता लिहावाच लागतो. तिथे 'मास' किंवा 'ग्रॅव्हिटी' लिहिलं तर मुलाच्या डोक्यातला विचार तुम्ही ठरवलात. चौकटी कंसात 'इट' घाला आणि टीप द्या: 'मूळ वाक्यात कर्ता नाही. वजन, वस्तुमान किंवा गुरुत्वाकर्षण, काहीही असू शकतं.'

शुद्धलेखनाची ती एक ओळ सोडली तर टिपांमध्ये फक्त कागदावर काय आहे आणि काय नाही ते सांगा. 'मूळ उत्तरात ९८ पुढे एकक नाही' ही टीप चालेल. 'इथे चूक आहे' ही नको, ते ठरवणं बाईंचं काम. फक्त चुकीच्या वाक्यांवरच 'मुळात असंच' लिहीत गेलात तर तीही तपासणीच झाली. म्हणून सगळ्यात वर एकदाच लिहा की पूर्ण भाषांतर जसंच्या तसं आहे आणि चौकटी कंसातला मजकूर भाषांतर करणाऱ्याचा आहे.

मूळ पेपराची झेरॉक्स सोबत जोडाच, पण अंकांचा तक्ता देऊन. मराठी न येणाऱ्याला हस्ताक्षरातला १ हा इंग्रजी 9 वाटतो आणि ४ हा 8 वाटतो. या उत्तरातले '१० किलो' बाई '90' वाचतील आणि भाषांतरातल्या दहावर शंका घेतील. काही मुलं एकाच गणितात दोन्ही अंक मिसळतात. तसं असेल तर कोणता अंक कुठल्या लिपीत आहे ते टिपेत सांगा.

झाल्यावर मराठी-इंग्रजी दोन्ही येणाऱ्या, पण मूळ पेपर न पाहिलेल्या कुणाला तरी तुमचं इंग्रजी परत मराठीत तोंडी सांगायला लावा आणि नक्कल समोर धरून ऐका. 'वस्तुमान कमी होतं' हे परत आलं, ९८ पुढे एकक आलं नाही, तर चुका टिकल्या. ऐकताना उत्तर तुमच्या नक्कलेपेक्षा शहाणं वाटलं तर कुठेतरी तुम्ही सुधारलं आहे, ती ओळ शोधा.

भाच्याला विचारायचं असेल तर अक्षरापुरतंच विचारा, 'हा कुठला शब्द आहे?' एवढंच. 'तुला काय म्हणायचं होतं?' असं विचारलंत तर तो आता विचार करून सांगेल, आणि ते उत्तर पेपरात नाही.