गोव्याच्या नकाशात नद्या, बेटं, धबधबा कसे दाखवायचे?

"मुलगी आठवीत आहे, गोव्याच्या कोऱ्या नकाशात मांडवी, जुवारी, दिवाडी, दूधसागर दाखवून एकेका ओळीची टीप लिहायचीय, सुरवात कुठून करायची?"

आधी पणजीजवळ किनाऱ्यात आत घुसलेल्या दोन खाड्या शोधायला सांगा, त्यांच्यामध्ये जमिनीचं टोक पुढे आलंय ना, तेच काबोचं टोक. त्याच्या उत्तरेला मांडवीचं मुख, दक्षिणेला जुवारीचं. इथेच अर्धी मुलं नावं उलटी टाकतात. पणजी मांडवीच्या डाव्या काठावर, वास्को जुवारीच्या दक्षिणेला, एवढं ताडून बघितलं की चूक लगेच कळते.

मग निळ्या पेन्सिलने मांडवी समुद्राकडून उलटी पूर्वेकडे न्यायची, वाटेत चोडण आणि दिवाडी ही बेटं येतात, ती नदीच्या पात्रातच हवीत, किनाऱ्यासमोर समुद्रात काढली की मार्क गेले. दूधसागर थेट पूर्वेला, कर्नाटकच्या हद्दीला चिकटून, तिथे नुसता ठिपका पुरे, पण नदीचं नाव मात्र तिच्या रेषेला धरून तिरकं लिहायचं.

टिपेत काय आहे, कुठे आहे आणि एक खासियत, बस. उदा. "कुंभारजुवे कालवा: मांडवी आणि जुवारीला जोडणारा जलमार्ग, यामुळे तिसवाडी चारही बाजूंनी पाण्याने वेढलेली आहे." "जुवारी ही गोव्यातील प्रसिद्ध नदी आहे" असलं काही नको, प्रसिद्ध तर काजूपण आहेत. आमच्या पोराने तेच लिहिलेलं, बाईंनी लाल पेनने "कुठे?" एवढंच लिहून परत दिलं.