आईसाठी दुसऱ्या शहरातून रिक्षा बुक करताना

प्रश्न: आई साताऱ्याहून एसटीने रात्री १० ला स्वारगेटला उतरेल, तिला कोथरूडला जायचंय आणि तिला ॲप जमत नाही. मी बंगलोरहून रिक्षा बुक करून दिली तर चालेल का? ओटीपीचं काय करायचं?

चालेल, मी आत्यासाठी असंच करते, पण एकदा फसले म्हणून सांगते.

ॲपमध्ये दुसऱ्यासाठी बुक करायचा ऑप्शन असेल तर तिथे आईचाच नंबर टाक, नाहीतर ड्रायव्हर तुला बंगलोरला फोन करत बसतो आणि आई तिकडे त्याला शोधत बसते. पिकअपचा पिनही ॲप आपोआप लावेल त्यावर सोडू नको कारण ते तुझं बंगलोरचं लोकेशन पकडू शकतं. आधी आईला फोन करून कुठे उभी आहे ते विचार, जमल्यास स्टँडबाहेर एखाद्या ठळक दुकानासमोर थांबव आणि पिन तिथेच लाव. बस लागली, बॅग हातात आली, की मगच बुक कर, आधी केलंस तर रिक्षा येऊन उभी राहते आणि वेटिंग चार्ज लागतो.

आता ओटीपी. माझ्या वेळी ड्रायव्हर फोनवर म्हणाला, "ताई ओटीपी सांगा, पोचलोच गेटवर", आणि मी सांगून टाकला. दोन मिनिटांनी बघते तर ॲपमध्ये राइड सुरू, मॅपवर रिक्षा पुढे चाललीय आणि आत्या मात्र जागच्या जागी उभी! तो कोड म्हणजे मीटर टाकण्यासारखंच आहे, दिला की राइड सुरू झाली असं ॲप धरतं, आत कोण बसलंय ते त्याला दिसत नाही. मग हेल्पमधून तक्रार, पैसे परत मिळवायची खटपट, सगळं रात्री साडेदहाला.

तेव्हापासून मी आत्याला आधी फक्त नंबर प्लेटचे शेवटचे चार आकडे सांगते, आणि रिक्षा समोर आली की फोन चालू ठेवून तिलाच ते वाचून दाखवायला लावते. ते जुळले आणि ॲपमधल्या फोटोसारखाच माणूस असला तरच ओटीपी तिच्या कानात, मग ती ड्रायव्हरला सांगते. "ती गाडी सर्व्हिसिंगला टाकलीय, ही माझ्या भावाची आहे" असं कोणी म्हणालं तर बसायचं नाही, सरळ कॅन्सल कर आणि कारण म्हणून गाडी वेगळी आली असं निवड. खरंही असेल त्याचं, पण मग ॲपकडे त्या गाडीची नोंदच नाही ना.

राइड सुरू झाली की ट्रिप शेअरची लिंक कोथरूडला जो कोणी वाट बघतोय त्याला व्हॉट्सॲपवर पाठव, साधारण ब्राउझरमध्येच उघडते. फक्त ती लिंक आईचा नाही, ड्रायव्हरचा फोन कुठे आहे ते दाखवते, म्हणून मध्ये एकदा आईला फोन करच. काही गडबड वाटली तर आईनेच ११२ लावायचा, तू बंगलोरहून लावलास तर कॉल तिकडच्या कंट्रोल रूमला जाईल.

आणि हो, भाडं कॅश की ऑनलाइन ते आधीच ठरव, आत्याने एकदा मी भरलेलं असताना ड्रायव्हरला पुन्हा पैसे दिले होते.