इनडोअर कोर्टसाठी रनिंग शूज चालतील का?

प्रश्न : माझ्याकडे धावण्याचे चांगले शूज आहेत. आता गुळगुळीत लाकडी कोर्टवर बॅडमिंटन सुरू केले आहे. तेच वापरू, की वेगळे घेऊ?

उत्तर : वेगळेच घ्यावेत. रनिंग शूजमुळे पाय घसरण्याची भीती सर्वांना असते, पण माझ्या मते त्याहून मोठा धोका घोटा मुरगळण्याचा आहे.

धावताना पाऊल सरळ पुढे पडते, म्हणून त्या शूजमध्ये टाचेखाली मऊ फोमचा जाड थर असतो आणि अनेक जोडांत टाच जमिनीपासून ३० मिलिमीटर किंवा त्याहूनही उंच राहते. बॅडमिंटनमध्ये उजवीकडचा स्मॅश अडवायला आपण उजवा पाय आडवा टाकतो, तेव्हा सगळे वजन पावलाच्या बाहेरच्या कडेवर येते. त्या कडेचा फोम दबतो, पाऊल बाहेर कलते, आणि शरीर अजून उजवीकडेच जात असल्यामुळे घोटा वळतो. माझा घोटा नेमका असाच मुरगळला होता. त्या दिवशी पाय जराही घसरला नव्हता.

कोर्ट शूजचा तळ बुटका आणि सपाट असतो, त्याची बाहेरची कड रुंद असते, आणि तळाचे रबर मऊ असल्याने गुळगुळीत लाकडाला धरून राहते. दुकानात हे हातानेच तपासता येते. बूट टाचेकडे आणि चवड्याकडे धरून ओला कपडा पिळल्यासारखा पिळावा. तो मधोमध सहज पिळला गेला, तर घेऊ नये. चवड्यापाशी मात्र तो सहज वाकला पाहिजे. मग तळाच्या रबरात नख रुतवून पाहावे. थोडेसे दबून ते पुन्हा वर आले, तर रबर योग्य आहे. तळावर ‘नॉन-मार्किंग’ लिहिलेले असावे, कारण डाग पाडणारे तळ बहुतेक कोर्टांवर चालत नाहीत.

माप घेताना खेळताना घालता तेच मोजे घालावेत आणि नाडी बांधून एक लांब पाऊल पुढे टाकून थांबावे. बोटे पुढे आपटली, तर माप लहान आहे किंवा नाडी सैल आहे. नेटजवळ वारंवार असे आपटूनच नखे काळी पडतात.

हे शूज रस्त्यावर घालू नयेत. खडीने रबर झिजते आणि तळाला चिकटलेली धूळ कोर्टवर येते, मग नवा जोडही घसरतो. स्वच्छ तळ वळताना चुर्र असा आवाज करतो. तो आवाज बंद झाला की मी ओलसर फडक्याने तळ पुसतो. पुसल्यावरही पकड येत नसेल आणि नख रुतत नसेल, तर रबर कडक झाले आहे. तसा जोड वरून कितीही नवा दिसला, तरी कोर्टवर घालू नये.