'फक्त' दिसलं की चूक?

प्रिय मुली,

अभ्यासिकेत ठेवून गेलेली तुझी सराव-उत्तरपत्रिका तपासली. राज्यघटनेची जी विधानं चुकली, त्यातल्या बहुतेकांत 'फक्त' हा शब्द होता आणि तू ती डोळे झाकून चूक ठरवली होतीस. ही युक्ती चहाच्या टपरीवरही मिळते. पण इथं ती दगा देते, कारण घटनेतच 'फक्त' आहे. धनविधेयक फक्त लोकसभेतच मांडता येतं. मग?

तुझ्याच पेपरातली तीन विधानं घे. एक, राष्ट्रपतींवरील महाभियोगाची सुरुवात फक्त लोकसभेत होते. दोन, उपराष्ट्रपतींना दूर करण्याचा ठराव फक्त राज्यसभेत सुरू होतो. तीन, महाभियोगात नामनिर्देशित खासदार मत देत नाहीत. तू तिन्ही चूक म्हणालीस. पहिलं चूकच, कलम 61 नुसार कोणतंही सभागृह सुरुवात करू शकतं. दुसरं मात्र बरोबर आहे: ठराव राज्यसभेत, नंतर लोकसभेची संमती, हे कलम 67. तिसरं चूक, पण वेगळ्या कारणानं. नामनिर्देशित खासदार राष्ट्रपतींच्या निवडणुकीत मत देत नाहीत, महाभियोगात देतात. म्हणजे निवडणुकीतला नियम उचलून महाभियोगाला चिकटवला.

जुन्या प्रश्नपत्रिकांतून शिकायचं ते हेच. उत्तर पाठ करू नकोस. चुकीच्या विधानात कोणता शब्द बदलला ते वहीत लिही, आणि तो शब्द कुठं खरा ठरतो तेही शेजारी. सभागृह बदललंय, बहुमत बदललंय की 'निवडून आलेले' आणि 'सर्व' यांची अदलाबदल आहे? पाच-सहा वर्षांचे पेपर केलेस की त्याच जोड्या फिरून येताना दिसतील.

इतिहासात खोट शब्दापेक्षा सांध्यात असते. चार हुतात्मा पुतळ्यांवरून तू रोज जातेस. समजा विधान आलं, 'भारत छोडो आंदोलनात सोलापुरात मार्शल लॉ लागू झाला.' शहर खरं, मार्शल लॉ खरा, म्हणून हात 'बरोबर'कडे जातो. पण तो 1930 चा, सविनय कायदेभंगातला; चौघांना फाशी झाली 12 जानेवारी 1931 ला. म्हणून आधी वर्ष आणि आंदोलन जुळतंय का बघ, बाकी नंतर.

ही वही कुठं अपुरी पडते तेही सांगतो. यूपीएससीत आता 'वरीलपैकी किती विधाने बरोबर?' असं विचारतात. तिथं एक विधान पक्कं चूक कळूनही एखादाच पर्याय गळतो. तीनपैकी दोन विधानांवर शंका असेल तर प्रश्न सोड. पेपरात प्रत्येक विधानापुढं तीनच खुणा करायच्या: पक्कं बरोबर, पक्कं चूक, माहीत नाही. 'वाटतंय' अशी चौथी खूण तू करतेस, तिथंच गुण जातात.

रविवारी येताना लोकसभा आणि राज्यसभा एवढी एकच जोडी लिहून आण. कलम 249 विसरशील, मला माहीत आहे.

तुझा,
दादा